एकच फोटो, बाकी कोरं

डेटिंग अॅपवर मॅच होते. प्रोफाइल उघडून पाहावं तर नाव, वय, शहर आणि एक फोटो, एवढंच असतं. आवडीनिवडी भरलेल्या नसतात, स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नसते. हिंजसारख्या अॅपवर फोटो आणि प्रश्नांची उत्तरं भरून घेतली जातात, त्यामुळे तिथे हा प्रसंग कमी येतो. टिंडरवर मात्र अशी कोरी प्रोफाइल रोज दिसतात. मग पहिला मेसेज काय लिहायचा, असा प्रश्न पडतो. बहुतेक जण ‘हाय’ लिहून मोकळे होतात आणि दोन दिवस वाट पाहत बसतात.

त्याआधी हे प्रोफाइल कोरं का असेल, याचा विचार करायला हवा, कारण मेसेज कसा असावा हे त्यावरच ठरतं. काही जणांनी अॅप नुकतंच टाकलेलं असतं आणि फोटो चढवून झाल्यावर बाकीचं उद्यावर ढकललेलं असतं. काहींना स्वतःबद्दल लिहायचा मनापासून कंटाळा असतो. पण एक मोठा वर्ग, विशेषतः मुलींचा, जाणूनबुजून कमी लिहितो. सांगली, नाशिक किंवा अगदी पुण्यातसुद्धा हे प्रोफाइल मावसभावाच्या मित्राला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला किंवा शेजारच्या काकूंच्या मुलाला दिसू शकतं. नोकरी, कॉलेज आणि राहण्याचा भाग लिहिला, की अनोळखी माणूसही दहा मिनिटांत इन्स्टाग्रामपर्यंत पोहोचतो. म्हणून एक फोटो ठेवायचा आणि उरलेलं बोलणं सुरू झाल्यावर सांगायचं, असं त्यांनी ठरवलेलं असतं. माझ्या मते पहिल्या मेसेजचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. समोरच्याने जे झाकून ठेवलंय ते विचारायचं नाही. जे दाखवलंय, त्याच्याबद्दलच बोलायचं.

‘प्रोफाइलमध्ये काहीच का लिहिलं नाहीस?’ हा मेसेज इथेच फसतो. लिहिणाऱ्याच्या मनात कुतूहल असतं, पण वाचणारीला तो जाब विचारल्यासारखा वाटतो. शिवाय असं विचारणारा तो पहिलाच नसतो. ‘काय करतेस, कुठे राहतेस?’ या प्रश्नाचंही तेच होतं. एरवी तो अगदी साधा आहे, पण जिने नेमकं हेच लिहायचं टाळलंय तिला पहिल्याच ओळीत तो नकोसा होतो.

एक उदाहरण घेऊन नीट पाहू. समजा प्रोफाइलवर एवढंच आहे: २८ वर्षं, पुणे. फोटोत एक मुलगी खडकावर बसली आहे. मागे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दिसतोय, तो आत वळलेला अर्धगोल कडा, आणि खाली ढग भरलेत. अंगात पावसाळी जाकीट आहे. मांडीवर स्टीलचा डबा आहे, त्याचं झाकण उघडून बाजूला ठेवलंय. ती कॅमेऱ्याकडे न पाहता डब्यात पाहतेय. फोटोच्या कडेला दुसऱ्या कुणाचा तरी चिखलाने माखलेला बूट अर्धा आलाय.

पहिली नजर जाते मुलीकडे, आणि मेसेज होतो, ‘खूप सुंदर दिसतेस.’ खरं असेलही, पण त्याला उत्तर काय द्यायचं? ‘थँक्यू’ म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग साइटने २००९ साली आपल्या सदस्यांचे पाच लाखांहून अधिक पहिले मेसेज तपासले होते. रूपाची तारीफ करणाऱ्या शब्दांनी उत्तरं कमी येतात, नुसत्या ‘हाय’ने तर फारच कमी, आणि समोरच्याच्या प्रोफाइलमधल्या नेमक्या गोष्टीबद्दल लिहिलं तर जास्त, असं त्यात दिसलं. त्या साइटवर लोक स्वतःबद्दल भरपूर लिहायचे, त्यामुळे नेमकी गोष्ट सापडणं सोपं होतं. इथे लिहिलेलं काहीच नाही. म्हणून मजकुराऐवजी फोटो वाचावा लागतो.

दुसरी नजर जाते कड्याकडे, आणि मेसेज होतो, ‘हा कुठला गड?’ ‘हाय’पेक्षा हा नक्कीच बरा. पण हा फोटो ठेवल्यापासून तिला हेच सर्वांत जास्त वेळा विचारलं गेलं असणार. ज्याला कोकणकडा ओळखता येतो त्याने तर हे विचारूच नये, कारण उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न पुढच्या दोन मेसेजांत उघडा पडतो. त्यापेक्षा ‘पाचनईकडून की खिरेश्वरहून?’ हा प्रश्न चांगला. पाचनईची वाट सोपी आहे, खिरेश्वरहून तोलारखिंडीची चाल लांब आहे. जो गडावर गेलाय त्याच्याकडे या दोन्हींबद्दल काही ना काही सांगायला असतं. मात्र हा प्रश्न ट्रेकिंग करणाऱ्यानेच विचारावा. गूगलवरून वाटेचं नाव उचलून विचारलं, तर ‘तू कधी गेला होतास?’ या तिच्या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं.

तिसऱ्या नजरेला डबा दिसतो. मला या फोटोतली सर्वांत बोलकी गोष्ट तीच वाटते, कारण कडा सगळ्यांच्याच फोटोत असतो आणि डबा फक्त तिच्या. त्यावरून मेसेज असा होऊ शकतो: ‘समोर कोकणकडा असताना आधी डबा उघडला, हे फार आवडलं. काय होतं त्यात? आमच्या सॅकमध्ये गडावर कायम दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते.’

हा मेसेज तिच्या रूपाबद्दल नाही, तिने केलेल्या गोष्टीबद्दल आहे. फोटो नीट पाहिला हे त्यातून कळतं. प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि सांगावंसं वाटलं तर त्या दिवसाची सगळी हकिगतही सांगता येते. तिला कुठलीही खासगी माहिती उघड करावी लागत नाही. शेवटच्या वाक्यात लिहिणाऱ्याने आधी स्वतःबद्दल काहीतरी दिलंय, त्यामुळे चौकशी चालल्यासारखं वाटत नाही. मराठीपुरती आणखी एक सोय त्यात आहे. पहिल्याच मेसेजमध्ये ‘तू’ लिहिलं तर काहींना सलगी वाटते, आणि ‘तुम्ही’ लिहिलं की विवाहमंडळात आल्यासारखं होतं. ‘काय होतं त्यात?’ या वाक्यात दोन्ही टळतं. ती उत्तरात कसं बोलते ते पाहून पुढे तसंच बोलावं. तिने रोमन लिपीत मराठी लिहिलं तर आपणही तसंच लिहायला हरकत नाही.

फोटो किती खोल वाचायचा, यालाही मर्यादा आहे. तिने जे दाखवायला फोटो ठेवला ते पाहावं, नकळत जे त्यात आलं ते सोडून द्यावं. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं कंपनीचं नाव, मागच्या इमारतीवरची पाटी, गाडीचा नंबर, हे वाचता आलं तरी बोलून दाखवायचं नाही. ‘तू हिंजवडीला त्या अमुक कंपनीत आहेस ना?’ या एका वाक्याने समोरची व्यक्ती घाबरून अनमॅच करते, आणि तिचं ते बरोबरच असतं. आपल्या फोटोतल्या चिखलाच्या बुटाचंही तसंच. ‘फोटो कुणी काढला?’ म्हणजे सोबत कोण होतं, हे पहिल्या दिवशी विचारण्याचा हक्क कुणालाही नाही.

आता अवघड प्रकार, फोटोतही काही नसण्याचा. पुरुषांची प्रोफाइल पुष्कळदा अशी असतात: ३३ वर्षं, ठाणे, गाडीत बसून काळ्या चष्म्यात काढलेला सेल्फी. बंबलवर वर्षानुवर्षं पहिला मेसेज मुलीनेच, तोही २४ तासांत करायचा असा नियम होता. २०२४ मध्ये मुलींना एक ठरलेला प्रश्न आधीच लावून ठेवायची सोय आली. पण ठरलेला प्रश्न सगळ्यांनाच जातो, आणि समोरच्याला ते कळतं. काळ्या चष्म्यावरून स्वभाव ओळखायचा खटाटोप करू नये. हातात एकच खरी गोष्ट आहे, ठाणे. मग मेसेज असा: ‘ठाणे लिहिलंय म्हणून विचारते, मामलेदारची मिसळ लोक म्हणतात तितकी तिखट असते का? मी नाशिकची, आमच्याकडे मिसळीबरोबर पापड येतो.’ फोटोत काही नसेल तेव्हा आपल्याकडून द्यायचं ते थोडं वाढवावं आणि प्रश्न लहान ठेवावा. ‘तुला आयुष्यात काय हवंय?’ अशा मोठ्या प्रश्नाला कोऱ्या प्रोफाइलवाला माणूस उत्तर देत नाही. ज्याने स्वतःबद्दल दोन ओळी लिहिल्या नाहीत, तो अनोळखी व्यक्तीसाठी परिच्छेद कुठून लिहिणार?

कोरं प्रोफाइल बनावटही असू शकतं, हे विसरून चालत नाही. आणि इथे नेमक्या प्रश्नाचा आणखी एक उपयोग होतो. फोटो स्वतःचा असला, की डब्यात काय होतं हे त्या व्यक्तीला आठवतं, निदान ‘आठवत नाही, पण त्या दिवशी भिजून हाल झाले होते’ असं तरी उत्तर येतं. फोटो चोरलेला असेल तर प्रश्न बाजूला राहतो, ‘हाय डियर, व्हॉट्सअॅप नंबर दे’ असं काहीतरी येतं आणि पुढे लवकरच गुंतवणुकीचा विषय निघतो. ही काही खात्रीची कसोटी नव्हे. मुरलेले ठग गोड बोलून उत्तर ठोकून देतात, आणि खरी माणसंही कधी प्रश्नाकडे दुर्लक्ष करतात. शंका आली तर फोटोचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाकून तो आणखी कुठे, कुणाच्या नावाने आहे ते पाहावं. प्रत्यक्ष भेटीआधी छोटा व्हिडिओ कॉल करावा. भेटीची जागा आपणही सुचवावी, कारण मॅच झालेल्या व्यक्तीने ठरावीक बारमध्ये नेऊन अवाच्या सवा बिल भरायला लावल्याचे प्रकार दिल्ली आणि मुंबईत घडले आहेत. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड. मात्र ‘तू खरी आहेस ना?’ असं पहिल्याच मेसेजमध्ये विचारू नये. खऱ्या माणसाचा त्याने अपमान होतो, आणि ठगाकडे ‘हो’ तयारच असतं.

समजा उत्तर आलं, पण एकाच शब्दाचं: ‘पुलाव.’ कोऱ्या प्रोफाइलवाल्यांची उत्तरं अशीच आखूड येतात, त्यावरून त्यांना रस नाही असं धरू नये. इथे घाईने ‘आणि छंद काय?’ असा नवाच विषय काढला की धागा तुटतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली होती. समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाले, असं त्यात आढळलं. म्हणून पुलावालाच धरून राहावं: ‘पहाटे निघताना पुलाव? कोण उठलं एवढ्या लवकर?’ यावर दोन-तीन ओळी आल्या की गाडी पुढे सरकते. पुन्हा एकच शब्द आला, तर आणखी एकदा प्रयत्न करून थांबावं.

आणि उत्तर आलंच नाही तर चार-पाच दिवसांनी एकच हलका मेसेज चालतो, तोही नव्या गोष्टीबद्दल. नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू नये, ‘रिप्लाय का नाही?’ विचारू नये, आणि त्या फोटोवरून इन्स्टाग्रामवर शोधून तिथे तर मुळीच लिहू नये. अॅपवर ती व्यक्ती एका मेसेजच्या अंतरावर राहायला तयार झाली होती, त्याच्या पुढे येण्याची परवानगी तिने दिलेली नसते.