मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

पावसाळ्यात गेटबाहेरच्या गाडीवर मीठ-लिंबू चोळून जे कणीस आपण खातो, ते बहुतेक एकरंगीच असतं. पण मक्याच्या काही वाणांत फिक्या दाण्यावर जांभळे ठिपके दिसतात. एका दाण्यावर मोठा डाग, तर शेजारच्यावर नुसत्या बारीक टिकल्या! ही कीड नाही की रोग नाही. डीएनएचा एक तुकडा आपल्या जागेवरून उठून गेल्याची ती खूण आहे. अमेरिकेतल्या बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी १९४० च्या दशकात हे ठिपके वाचले आणि १९५० मध्ये शोधनिबंध छापला. नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी.

आता ठिपका पडतो कसा? जांभळा रंग तयार करणारा एक जीन असतो. त्याच्या मधोमध ‘डीएस’ नावाचा तुकडा येऊन बसला की जीन बंद पडतो आणि दाणा फिका होतो. डीएसला स्वतःहून हलता येत नाही. पण त्याच पेशीत ‘एसी’ नावाचा त्याचा थोरला भाऊ असेल, तर तो ट्रान्सपोझेज हे एन्झाइम बनवतो. हे एन्झाइम डीएसची दोन्ही टोकं ओळखतं, तिथे कापतं आणि तुकडा दुसरीकडे नेऊन चिकटवतं. चक्क कट-पेस्ट! तुकडा निघाला की जीन परत चालू होऊ शकतो, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या होतात. दाणा वाढत असताना हे लवकर घडलं तर डाग मोठा, उशिरा घडलं तर टिकली. म्हणजे ठिपक्याच्या आकारावरून उडी कधी मारली ते कळतं. मला तर हे कुठल्याही सर्किटपेक्षा सुंदर वाटतं (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी रागावू नये).

पण ही कट-पेस्ट काही स्वच्छ नसते. तुकडा घुसतो तेव्हा त्या जागेवरची ८ अक्षरं दोनदा लिहिली जातात, एकदा त्याच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे. तो निघून गेल्यावर ही जादा अक्षरं बहुधा थोडीफार मागे उरतात. जीन तीन-तीन अक्षरांच्या गटात वाचला जातो. त्यामुळे जादा अक्षरं ३ किंवा ६ असली तर जीन बऱ्याचदा निभावून नेतो, पण ७ किंवा ८ उरली तर पुढचं सगळं वाचन सरकतं आणि जीन बिघडलेलाच राहतो. पाहुणा गेला तरी म्युटेशन घरातच!

दुसरी जात आहे कॉपी-पेस्टवाल्यांची, म्हणजे रेट्रोट्रान्सपोझॉनची. हे मूळ जागा सोडतच नाहीत. आधी त्यांची आरएनए प्रत निघते, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम तिच्यावरून पुन्हा डीएनए बनवतं, आणि तो डीएनए नव्या जागी घुसतो. म्हणजे दर खेपेला एक प्रत वाढते. तांदळाचा जीनोम सुमारे ४० कोटी अक्षरांचा आहे आणि मक्याचा सुमारे २३० कोटींचा, पण जीन्सची संख्या पाचपट वगैरे अजिबात नाही. मक्याचा जीनोम २००९ मध्ये वाचून झाला तेव्हा त्यातला जवळजवळ ८५ टक्के भाग असल्या फिरत्या तुकड्यांचा निघाला, आणि त्यात बहुतांश कॉपी-पेस्टवाले. जीन्स म्हणजे या समुद्रातली बेटंच म्हणायची.

या प्रती कधी शिरल्या हेही काढता येतं, आणि ते गणित आपल्याला सहज जमेल. यातल्या बऱ्याच तुकड्यांच्या दोन्ही टोकांना एकच मजकूर असतो. घुसण्याच्या क्षणी ही दोन टोकं अगदी सारखी असतात. नंतर दोन्हींत आपापले बदल साठत जातात. समजा टोकं १००० अक्षरांची आहेत आणि त्यांच्यात २६ अक्षरांचा फरक सापडला. गवतवर्गीय पिकांसाठी दर अक्षरामागे दर वर्षाला १.३ × १०⁻⁸ बदल हा वेग धरतात. टोकं दोन, म्हणून वेग दुप्पट. ०.०२६ ला २.६ × १०⁻⁸ ने भागलं की १० लाख वर्षं येतात. अशा मोजणीतून १९९८ मध्ये दिसलं की मक्याच्या एका जीनजवळचे बहुतेक तुकडे गेल्या ३० लाख वर्षांतच शिरलेत. उत्क्रांतीच्या हिशेबात हे परवाचंच झालं. अर्थात धरलेला वेग चुकला की तारीखही चुकणार, म्हणून हे आकडे अंदाजाचेच समजायचे.

मग जीनोम फुगतच जाणार का? तसंही नाही. कधीकधी तुकड्याची दोन सारखी टोकं एकमेकांशी जुळतात, मधला भाग वळसा होऊन गळून पडतो आणि एकच टोक शिल्लक राहतं. तांदळात अशी एकटी टोकं पुष्कळ सापडतात. तांदळातही तुकडे शिरले होतेच, पण तिथे साफसफाईही जोरात झाली.