गच्चीवरच्या सात जणी आणि त्यांचा हिशेब

आठ मार्चच्या सकाळी अनेक छोट्या उद्योजिका आपल्या कामगार बायकांचा एकत्र फोटो टाकतात. सगळ्यांच्या साड्या एका रंगाच्या, हातात गुलाब आणि खाली दोन ओळींचं कौतुक. त्या बायका रोज नेमकं काय करतात, किती वाजता येतात, पैसे कसे मिळतात आणि नफ्यात त्यांचा वाटा किती, यातलं त्या फोटोत काहीच दिसत नाही. ‘आमच्याकडे सगळ्या बायकाच काम करतात’ या वाक्याला खरा अर्थ कधी येतो, हे पाहायचं तर महिला दिनानंतर आठवड्याभराने येणाऱ्या एका तारखेकडे वळावं लागतं.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना पुढे, 2021 साली, पद्मश्री मिळाली. भांडवल होतं उसने घेतलेले 80 रुपये. ते दिले सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल पारेख यांनी, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही. पापडाचे दोन दर्जे काढावेत, एक चांगला आणि एक स्वस्त, असाही विचार होता. छगनबाप्पांनी सांगितलं की एकच करा, चांगलाच करा, आणि हिशेब चोख ठेवा.

पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली. मोडलेले पापड शेजाऱ्यांना वाटले गेले.

पहिल्याच पावसाळ्यात काम बंद पडलं. पापड उन्हात वाळतो आणि मुंबईचा पावसाळा चार महिने ऊन देत नाही. पुढच्या वर्षी या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. एवढ्याशा युक्तीने वर्षभर रोजगार सुरू राहिला. हंगामी जोडकाम आणि कायमचा रोजगार यांतला फरक त्या खाटेने केला.

बायका वाढत गेल्या. तीन महिन्यांत पंचवीस, दुसऱ्या वर्षी दीडशे, तिसऱ्या वर्षी तीनशे. गच्ची अपुरी पडली. अशा वेळी कुठलाही धंदा मोठा गाळा शोधतो, पण त्यांनी मळलेलं पीठच बायकांच्या घरी द्यायला सुरुवात केली. केंद्रावर सगळ्यांसाठी एकत्र पीठ मळायचं, सकाळी लवकर ते वाटून न्यायचं, घरी लाटून वाळवायचं आणि तयार पापड परत आणून तोलून द्यायचे. चव एकसारखी राहावी म्हणून मळणं एका जागी राहिलं, आणि ज्या कामाला फक्त हात, पोळपाट आणि थोडी जागा लागते ते घरोघरी गेलं. नऊ ते सहा घराबाहेर राहणं जिला शक्य नाही, जिच्या घरी तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तिलाही कमावता यावं अशी ही मांडणी होती. व्यवस्था बायकांच्या दिवसाला मापून शिवली गेली. लिज्जतची कहाणी अनेकदा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, पण त्यातली शिकण्यासारखी गोष्ट ही मांडणी आहे.

कामाचं रूप जवळून पाहिलं की ‘घरबसल्या सोपं काम’ हा समज गळून पडतो. उडदाच्या पिठात मिरी, हिंग, मीठ, पापडखार पडतो आणि गोळा घट्ट मळला जातो. तो उघडा राहिला तर वरून सुकतो आणि लाटताना कडा चिरतात. पापड मध्ये जाड आणि कडेला पातळ झाला तर भाजताना कड करपते आणि मधला भाग कच्चा राहतो. वाळवणीत तर खरी परीक्षा असते. नीट वाळलेला पापड हातात कटकन मोडतो, अर्धा ओला वाकतो. तो ओला पापड पाकिटात गेला की काही दिवसांत त्याला बुरशी धरते आणि मग एका बाईच्या घाईचा फटका सगळ्यांच्या नावाला बसतो. म्हणून केंद्रावर परत आलेला माल तपासून मगच घेतला जातो. तासन्‌तास मान खाली घालून पाटावर बसण्याने पाठ आणि मनगट धरतात, हेही कामाच्या हिशेबात धरायलाच हवं.

मजुरी लाटलेल्या वजनावर मिळते. पण गोष्ट तिथे संपली असती तर हे साधं उक्तं काम ठरलं असतं, आणि उक्त्या कामात बाई कितीही मर्जीने लाटो, भाव ठरवणारा दुसराच असतो. लिज्जतने सभासद झालेल्या प्रत्येक भगिनीला मालकीण ठरवलं. सभासदत्व फक्त बायकांना मिळतं. पुरुष चालक किंवा हिशेबनीस म्हणून पगारावर असू शकतात, मालक नाही. नफा असो वा तोटा, तो सगळ्या भगिनींनी वाटून घ्यायचा. कारभार पाहणारी एकवीस जणींची समितीही सभासदांतूनच येते. 1966 साली संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. आज सभासद पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत.

या रचनेलाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. घरी पापड लाटायला स्वच्छ आणि मोकळी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर ती बाई इच्छा असूनही मागे पडते. शिवाय घरातलं काम दिसत नाही. लाटणं चालू असताना भाजी, पाणी, मुलांचा अभ्यास हे सगळं त्याच हातांवर येतं आणि अनेकदा शाळेतून आलेली मुलगीही लाट्या करायला बसते. उत्पन्न वाढलं म्हणून घरकाम वाटून घेतलं गेलं, असं आपोआप होत नाही.

आठ-दहा बायकांना घेऊन मसाले, शिवणकाम किंवा डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या मालकिणीला पंचेचाळीस हजारांची नक्कल करायची नसते. पण महिला दिनाला आपल्या कामगारांबद्दल लिहिताना ती याच प्रश्नांची उत्तरं देऊ शकते. मिरची कांडणाऱ्या बाईला सकाळचा नळ गाठून येता यावं म्हणून कामाची वेळ दहा केली का? ऑर्डर कमी असलेल्या महिन्यात मजुरीचं काय होतं? पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातात की नवऱ्याच्या? शिवणयंत्र चालवणारी पुढे कापड कापायला आणि मग गिऱ्हाईकाशी भाव ठरवायला शिकते का?

एक गोष्ट अशा छोट्या जागी हमखास राहून जाते. ‘आमच्याकडे सगळ्या बायकाच आहेत, आम्हाला समितीची काय गरज,’ असं म्हटलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मात्र दहा किंवा अधिक जण काम करत असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक करतो. त्याहून लहान ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. माल घेऊन येणारा टेम्पोवाला, वसुलीला आलेला दुकानदार, अंगाशी येणारं गिऱ्हाईक, यांच्याशी या बायकांना रोज व्यवहार करावा लागतो. अशा वेळी मालकीण कुणाच्या बाजूने उभी राहते, आणि त्या गिऱ्हाईकाची ऑर्डर सोडायची तिची तयारी आहे का, हे तिथल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.