मुदत सरलेली उधारी आणि एक सही

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याने इचलकरंजीच्या पेढीकडून तीस दिवसांच्या उधारीवर माल घेतला. रक्कम २,४०,००० रुपये, देय दिनांक ४ एप्रिल २०२२. मंदीमुळे ती देणी राहून गेली. जुलै २०२५ मध्ये वसुलीचा माणूस दुकानात आला. त्याने छापील कागद पुढे केला : ‘खात्यावरील बाकी बरोबर असून ती सहा महिन्यांत देईन.’ म्हणाला, “शेठ, फक्त हिशेब जुळवायचा आहे, येथे सही करा.”

अशा उधारीसाठी मुदत कायदा, १९६३ अन्वये दाव्याची मुदत देय दिनांकापासून तीन वर्षांची असते. येथे ती ४ एप्रिल २०२५ रोजी संपली. त्यानंतर दावा दाखल झाला, तर प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने तो फेटाळलाच पाहिजे. मात्र यामुळे कर्ज नाहीसे होत नाही. नाहीसा होतो तो दाव्याचा मार्ग. म्हणून धनको पत्र पाठवू शकतो, सभ्यपणे मागणी करू शकतो आणि तारण ठेवलेली वस्तू त्याच्या ताब्यात असेल तर ती ठेवूनही घेऊ शकतो. धमकी देण्याचा वा दुकानातील माल उचलून नेण्याचा अधिकार त्याला नाही.

खरी मेख कागदातील ‘देईन’ या शब्दात आहे. मुदत चालू असताना कर्ज मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. मुदत संपल्यावर केवळ मान्यतेने ती पुन्हा जिवंत होत नाही. परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन हा स्वतंत्र करार ठरतो. अधिकार दिलेल्या मुनिमाची सहीही त्यासाठी पुरते. धनादेशही असेच वचन ठरतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे; तो न वटल्यास फौजदारी तक्रारही होऊ शकते.

व्यापाऱ्याने त्या कागदावर सही केली असती, तर संपलेला दावा पुन्हा उभा राहिला असता. नुसते ‘बाकी बरोबर’ लिहिले असते, तरी त्यात वचन दडले आहे काय, यावर वाद झाला असता. मागील तारीख घालण्याची विनंती तर याहून घातक. मार्च २०२५ ची तारीख पडली असती, तर मुदत संपलीच नव्हती असे दिसले असते.

व्यापाऱ्याने सही केली नाही. त्याने जुनी बिले काढली, परत केलेल्या मालाचे ४०,००० रुपये वजा झालेच नव्हते हे पाहिले आणि वकिलाचा सल्ला घेतला. घेतलेल्या मालाचे पैसे द्यावेत, ही त्याची इच्छा होतीच. म्हणून त्याने वचन लिहून न देता २,००,००० रुपये बँकेतून एकरकमी दिले आणि ‘संपूर्ण हिशेब चुकता, काही येणे नाही’ अशी पेढीच्या सहीची पावती घेतली. देणे फिटले, नवे बंधन मात्र उभे राहिले नाही.