नाइटनंतरचे चार तास

नाइट संपली, वॉर्डचा ओव्हर दिला की घरी पोचेपर्यंत सकाळचे नऊ वाजतात. अंग गळून गेलेलं असतं, तरी चार-पाच तासांत जाग येतेच. हा दोष केवळ मुलांच्या आवाजाचा नाही. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं आणि नंतर संध्याकाळपर्यंत चढत जातं. त्या चढणीवर झोप लांबत नाही. म्हणून घरच्यांकडे आठ तासांची शांतता मागण्यात अर्थ नसतो. गाढ झोप बहुतेक सुरुवातीलाच होते, तेव्हा मागायचे ते पहिले चार तास.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी आधी नुसतं 'आवाज करू नका' म्हणत असे. ते दोन दिवसही टिकलं नाही, कारण चार वर्षांच्या मुलाला शेवट नसलेली शांतता पेलत नाही. मग एका रविवारी सगळे बसलो. मी साडेनऊ ते दीड मागितले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अकराला भात लावायचा असतो, कुकर कसा बंद ठेवू?" ठरलं असं, की कुकर आणि मिक्सर साडेनऊच्या आत, भात मागाहून पातेल्यात. मुलासाठी पुठ्ठ्याचं घड्याळ केलं, काटे दीडवर. भिंतीवरचं घड्याळ तसंच दिसलं की आईला उठवायचं. बदल्यात दीडनंतर मी आवाजावरून एकदाही रागवायचं नाही, आणि शाळेतून आलेल्या मुलीबरोबर जेवायला बसायचं. माझ्या मते करार टिकला तो या बदल्यामुळे.

अपवादही ठरवले: ताप, पडणं, रक्त, शाळेतून फोन. उठवायचं की नाही, हे सासूबाई ठरवतात. नाहीतर मुलं खोडरबरासाठीही दार वाजवतात.

उरलेलं काम पंखा करतो. त्याच्या एकसारख्या घरघरीत मधूनच येणारे आवाज बुडतात; झोप मोडते ती अचानक वाजणाऱ्या बेलमुळे. म्हणून बेलचं बटण बंद. खिडकीला जाड गडद चादर. रात्रीचा शेवटचा चहा दोनच्या आत, कारण पाच-एक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं.

चार तास पुरत नाहीतच. साडेचार ते सहा मुलं खाली खेळायला जातात, तेव्हा मी दुसऱ्यांदा झोपते. तरीही औषधाचा डोस पुन्हा पुन्हा वाचावा लागला किंवा ट्रेनमध्ये आपलं स्टेशन चुकलं, तर झोपेची थकबाकी साठली आहे असं समजावं. अशा सकाळी दुचाकी चालवू नये.

ही बोलणी नाइट लागण्याआधीच्या रविवारी करा. जागरण करून आलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही.