टोमॅटो विसरतो, घरभाडं विसरत नाही

जुलै 2023 मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर 7.44 टक्के होता. ऑगस्टमध्ये तो 6.83 झाला आणि सप्टेंबरमध्ये 5.02. टोमॅटो कडाडला आणि उतरला, म्हणून दरही चढला आणि उतरला. आता 2022 पाहा: एप्रिलमध्ये 7.79, जुलैत 6.71, सप्टेंबरमध्ये पुन्हा 7.41. त्या वर्षी जानेवारी ते सप्टेंबर अशा सलग तीन तिमाहींची सरासरी 6 टक्क्यांच्या वर राहिली आणि रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागला. मालिका एकच, पण एक धक्का दोन महिन्यांत ओसरला आणि दुसरा वर्षभर रेंगाळला.

अशा मालिकेला पाठ्यपुस्तकं एकच प्रश्न विचारतात: युनिट रूट आहे की नाही? आहे म्हटलं, तर आज बसलेला एक रुपयाचा धक्का कायमचा एक रुपयाच राहतो. नाही म्हटलं, तर तो ठरावीक पटीने झिजतो. दरमहा 80 टक्के उरतो असं धरलं, तर बारा महिन्यांनी 7 पैसे राहतात आणि पाच वर्षांनी काहीच नाही.

या दोहोंच्या मधे मोठी जागा रिकामी आहे. फरक एकदा घ्यायचा की शून्य वेळा, एवढेच पर्याय का मानायचे? तो 0.4 वेळाही घेता येतो. या आकड्याला d म्हणतात. धक्क्यातलं किती उरलं हे कागदावर काढता येतं:

```
ψ_0 = 1
ψ_k = ψ_(k-1) × (k - 1 + d) / k
```

d = 0.4 घेतला तर पहिल्या महिन्याअखेर 40 पैसे उरतात, दुसऱ्याला 28, तिसऱ्याला 22. म्हणजे सुरुवातीची घसरण वरच्या 80 टक्केवाल्या हिशेबापेक्षा वेगवान आहे. पण बाराव्या महिन्यालाही 10 पैसे शिल्लक असतात आणि पाच वर्षांनी जवळजवळ 4. आधी झपाट्याने विसरायचं आणि मग विसरणंच मंदावायचं, हीच दीर्घ स्मृती.

ती येते कुठून? क्लाइव्ह ग्रेंजर यांनी 1980 मध्ये दाखवलं, की वेगवेगळ्या गतीने झिजणाऱ्या पुष्कळ मालिकांची बेरीज केली की बेरजेत दीर्घ स्मृती येऊ शकते. आपला 2012 पायाभूत वर्षाचा ग्राहक निर्देशांक नेमका असाच होता: 299 वस्तू आणि सेवा, त्यात खाद्यपदार्थ व पेयांचा भार 45.86 टक्के. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या कुठल्याही घराच्या महिन्याच्या हिशेबात हे दिसेल. टोमॅटोचा भाव पुढच्या तोड्याला उतरतो. खोलीचं वाढलेलं भाडं आणि शाळेची फी उतरत नाहीत. मला हे कारण फार पटतं, कारण त्यात गूढ काही नाही, फक्त बेरीज आहे.

खरा d 0.4 असताना सवयीने पूर्ण एक फरक घेतला, तर मालिकेत उणे 0.6 उरतो. हा अतिरेक ओळखता येतो: लागोपाठच्या दोन महिन्यांचा सहसंबंध उणे 0.375 च्या आसपास येतो. वर गेलेला आकडा लगेच खाली ओढला जातो, आणि हे वळण बाजारातलं नसून आपण घेतलेल्या फरकाचं असतं. दुसरी खूण अशी, की एक चाचणी युनिट रूट नाकारते आणि उलट बाजूची चाचणी स्थिरताही नाकारते. तेव्हा उत्तर बहुधा मधे असतं.

आकडेमोडीला बसताना छापून येणारा वार्षिक दर घेऊ नये. लागोपाठच्या दोन वार्षिक दरांत अकरा महिने सामाईक असतात, त्यामुळे नसलेली स्मृतीही दिसते. हंगाम काढून टाकलेला मासिक बदल घ्यावा.

मग अडचण येते ती मालिकेच्या लांबीची. गेविकी आणि पोर्टर-हुडाक यांच्या 1983 च्या पद्धतीत मालिकेतल्या सर्वांत संथ लाटांवरून d काढतात. लाटा किती घ्यायच्या, तर सहसा महिन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या. बारा वर्षांचे 144 महिने, म्हणजे 12 लाटा. त्यावर प्रमाण त्रुटी 0.19 च्या आसपास येते. d = 0.4 निघाला तरी खरा आकडा 0.04 ते 0.76 मधे कुठेही असू शकतो. त्यात 2016 मध्ये कायद्याने 4 टक्क्यांचं लक्ष्य ठरलं, आणि त्याआधी 2012-13 च्या सुमारास दर दहाच्या आसपास होता. सरासरीची अशी एक पायरीही स्मृतीसारखी भासते. पायरीच्या दोन्ही बाजूंना d वेगळा काढावा. दोन्हीकडे तो खूप घटला, तर स्मृती नव्हती, पायरी होती. मात्र तुकडे केले की लाटा आणखी कमी होतात.

शेअर बाजाराच्या चढउतारांचं तसं नाही. तिथे रोजचा आकडा मिळतो. दहा वर्षांचे सुमारे 2,500 दिवस, 50 लाटा, त्रुटी 0.09. म्हणून तिथे d बद्दल ठामपणे बोलता येतं. महागाईच्या अंदाजात मी निदान दोन टोकं लिहितो: d = 0.2 असेल तर रुपयाच्या धक्क्यातले वर्षाअखेर 3 पैसे उरतील, 0.6 असेल तर 25.