सील बदललं म्हणता? क्रमांक पाहा

मीटरशी छेडछाड केल्याची नोटीस आली की दुकानदार आधी ओळखीचा माणूस शोधतो. त्याऐवजी लेखी उत्तर द्यावं. वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार तात्पुरत्या आकारणीवर हरकत घेता येते, सुनावणीही मागता येते. समजा, किराणा दुकानाच्या मीटरचं सील बदलल्याचा आरोप आहे. उत्तरासोबत सीलवरचा क्रमांक वाचता येईल असा जवळचा फोटो, मीटर पूर्ण दिसेल असा दुसरा आणि मीटर बसवतानाच्या अहवालाची प्रत जोडावी. क्रमांक जुळले, तर आरोपाला ठोस उत्तर मिळतं. मीटरच्या आत काय झालं, हे मात्र फोटो सांगत नाही. म्हणून आपल्यासमोर चाचणीची मागणीही त्याच अर्जात करावी. स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.