पंधरा सेकंदांची भाजणी

दिवाळीच्या तोंडावर गावोगावचे बचतगट आणि घरगुती उद्योग मोबाइलवर जाहिराती सोडू लागतात. भाजणी, अनारशाचं पीठ, तयार फराळ. त्यातल्या बऱ्याचशा जाहिराती अशा सुरू होतात: ‘नमस्कार! सादर करत आहोत गेली पंचवीस वर्षे आपल्या विश्वासाला पात्र ठरलेली अस्सल घरगुती चवीची शुद्ध सात्त्विक भाजणी...’ हे वाक्य मोठ्यानं वाचून घड्याळ बघा. सतरा शब्द होतात आणि सात-आठ सेकंद जातात. जाहिरात पंधरा सेकंदांची असेल तर अर्धी इथेच संपली, आणि बघणाऱ्या बाईला अजून एकही कामाची गोष्ट कळलेली नाही.

पंधरा सेकंदांचा पहिला हिशेब शब्दांचा. मराठी माणूस समजेल असं बोलताना सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द बोलतो. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘पाकिटावरच्या’ हा एकच शब्द, पण तोंडातून बाहेर पडायला वेळ घेतो. शिवाय श्वास, एखादा आवाज, शेवटी पाकीट दिसतं तो क्षण. म्हणजे हातात तीसेक शब्द उरतात. पस्तीस शब्दांची स्क्रिप्ट घेऊन स्टुडिओत गेलात तर व्हॉइसओव्हर करणारा ती बसवून देईल, पण धावत. धावत सांगितलेलं ऐकणाऱ्याला घाईचं वाटतं, पटत नाही.

या तीस शब्दांत पाच कामं उरकायची असतात. आधी नजर थांबवायची, ज्याला धंद्यात हुक म्हणतात. मग अडचण, मग पुरावा, मग ऑफर आणि शेवटी ‘आता हे करा’ असं सांगणं, म्हणजेच कॉल टू अ‍ॅक्शन. हा क्रम कुणा पुस्तकवाल्यानं ठरवला म्हणून पाळायचा नाही. बघणाऱ्याच्या मनात शंका ज्या क्रमानं येतात, त्याच क्रमानं उत्तरं द्यायची असतात. ‘मी का बघू?’ ही पहिली शंका. ‘माझा काय संबंध?’ ही दुसरी. ‘खरं कशावरून?’ ही तिसरी. त्यानंतरच ‘केवढ्याला?’ आणि ‘कुठे मिळेल?’

आता भाजणीचीच जाहिरात लिहून बघू. समजा, सांगलीकडचा एखादा महिलांचा गट आहे. भाजणीच्या पाकिटावर मोहन आणि पाणी किती घालायचं याचं माप छापलंय, आणि गटाचा सगळा भर त्या मापावर आहे. पहिली ओळ काय असावी? दिवाळीची पणती नको, रांगोळी नको. त्या दिवसांत प्रत्येक जाहिरातीत तेच असतं. पहिल्या दृश्यात कढई. तेलात चकली सोडली आणि ती पसरून विरघळायला लागली. मागून आवाज येतो: ‘अगं, चकली विरघळली की!’ चार शब्द, दोन सेकंद. ज्या घरात एकदा जरी असं झालंय, तिथली बाई पुढची जाहिरात बघायला थांबते. ज्या घरात चकली कधीच केली जात नाही, ते लोक पुढे सरकतात आणि ते सरकलेलेच बरे. ते काही गिऱ्हाईक होणार नव्हते.

यूट्यूबवर ज्या जाहिराती पुढे ढकलता येतात, त्यांना पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं. म्हणून हुक आणि अडचण दोन्ही पाच-सहा सेकंदांच्या आत यायला हवीत. आपल्या दृश्यात अर्धी अडचण कढईतच दिसली आहे. उरलेली एका ओळीत: ‘मोहन की भाजणी? चुकलं काय, तेच कळत नाही.’ इथे अडचण मोठी करून सांगायचा मोह होतो. पाहुणे आले, सासूबाई बोलल्या, सण वाया गेला. नको. तीस शब्दांपैकी आठ गेलेच आहेत, आणि रडगाणं लांबलं की पुरावा मरतो.

पुरावा हा या सगळ्यातला सर्वांत कठीण तुकडा आणि सर्वांत जास्त कापला जाणाराही. ‘हजारो ग्राहकांची पसंती’, ‘दर्जात तडजोड नाही’ ही वाक्यं पुरावा नव्हेत. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरात-लेखकानं 1923 साली ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात हेच बजावलं होतं: मोघम विधानं ऐकणाऱ्याच्या अंगावरून ओघळून जातात, नेमकं विधान मात्र एकतर खरं असतं किंवा खोटं, म्हणून लोक ते तोलून बघतात. दूरदर्शनच्या जमान्यातली सर्फची ललिताजी आठवत असेल. ती बाई पावडर चांगली आहे एवढंच म्हणून थांबली नाही. अर्धा किलो सर्फ साध्या पावडरीच्या एक किलोइतकं चालतं, असा हिशेब तिनं मांडला. पटो न पटो, त्यात तोलून बघण्यासारखं काहीतरी होतं.

भाजणीचा पुरावा दाखवायचा म्हणजे तीच कढई, तीच बाई, पाकिटावरच्या मापानं मळलेलं पीठ, आणि चकली अखंड वर येते. ती ताटात काढून मोडली की आवाज. ओळ अशी: ‘अमुक भाजणी, पाकिटावरचं माप. तीच कढई. आता ऐका.’ मग एक सेकंद कुणी बोलत नाही, फक्त चकली मोडल्याचा कुडुम आवाज. संकलन करणाऱ्याला ती एक सेकंदाची जागा रिकामी वाटते आणि तो तिथे संगीत भरतो. त्याला अडवा.

इथे एक बारीक गोम आहे. चकली विरघळते ती बहुतेक वेळा मोहन जास्त झाल्यामुळे. पण तेल पुरेसं तापलेलं नसेल तरी ती तेल पिते, मऊ पडते आणि तुटू शकते. शूटिंगच्या दिवशी पहिली चकली बिघडवायला सोपा मार्ग म्हणून कुणी गार तेलात सोडली, तर जाहिरात खोटी झाली. गार तेलावर पाकिटावरचं माप हा उपाय नाहीच. पहिली चकली जास्त मोहनाची, दुसरी मापाच्या मोहनाची, तेल दोन्ही वेळा सारखंच तापलेलं, तरच त्या पाच सेकंदांतून जे सिद्ध होतंय ते आपल्या मालाबद्दल असतं. कुडुम आवाजही त्याच चकलीचा हवा, ध्वनिसंग्रहातल्या पापडाचा नाही. जाहिरातीतले दावे सिद्ध करता आले पाहिजेत, असं 1985 साली स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिलची संहिता सांगते, आणि 2022 सालच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फसव्या जाहिरातींबाबत कायद्याचंही बळ दिलं आहे. लहान गट त्यातून सुटत नाही.

पुराव्यानंतर ऑफर. आधी नाही. विरघळलेल्या चकलीनंतर लगेच ‘घरपोच मोफत!’ म्हटलं की ऐकणारी म्हणते, कशाचं? तिला अजून मालच पटलेला नसतो, त्यामुळे सवलत ही सवलत न वाटता माल खपत नसल्याची कबुली वाटते. आपली ओळ: ‘एक किलोला घरपोच मोफत, रविवारपर्यंत.’ पाच शब्द. मुदत कुठली घ्यायची याला महत्त्व आहे. ‘लक्ष्मीपूजनापर्यंत’ कानाला छान वाटतं, पण तोवर फराळाचे डबे भरून झालेले असतात. मुदत फराळ करायला बसण्याच्या आधीची हवी. आणि रविवारपर्यंत पुरेल एवढी भाजणी तयार नसेल तर ती ऑफर देऊच नये. दाखवायला एक भाव आणि मागितलं की माल नाही, हा प्रकार त्या 2022 च्या सूचनांत आमिष म्हणून मोडतो.

शेवटची ओळ: ‘पडद्यावरच्या नंबरवर “चकली” लिहून पाठवा.’ एकच काम सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅप करा, फोन करा, दुकानात या, पेज फॉलो करा असं चार कामं सांगितलेलं बघणारा एकही करत नाही. ‘चकली’ हा शब्द मुद्दाम ठेवलाय. गटालाही लगेच कळतं की हा मेसेज या जाहिरातीवरून आलाय, शेजारणीनं नंबर दिला म्हणून नव्हे. नंबर आणि किंमत बोलायची नाही, पॅक शॉटवर, म्हणजे शेवटी पाकीट दिसतं त्या दृश्यावर, मोठ्या अक्षरात लिहायची. सगळे मिळून झाले तीस शब्द.

जाहिरात चालली नाही तर कुठे अडलं, हे बरंचसं उघडपणे कळतं. यूट्यूबवर लोक कितव्या सेकंदाला निघून गेले त्याचा आलेख मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच तो घसरला तर कढईचं दृश्य पुरेसं जवळून घेतलेलं नाही. सहाव्या-सातव्या सेकंदाला घसरला तर अडचण लांबली किंवा पुरावा उशिरा आला. लोक शेवटपर्यंत बघतात पण मेसेज येत नाहीत, तर ऑफरमध्ये दम नाही किंवा मुदत चुकलीय. मेसेज येतात आणि प्रत्येकात ‘किंमत किती?’ असं विचारलेलं असतं, तर पडद्यावरची किंमत कुणाला दिसलेलीच नाही. असं एकेक कारण हातात आलं की एकच ओळ बदलायची, सगळी स्क्रिप्ट नव्यानं लिहायची नाही. नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

एक अडचण मात्र आलेखात दिसत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कित्येक जण आवाज बंद ठेवून बघतात. त्यांच्यासाठी कुडुम हा आवाज नसतोच. चकली मोडताना तिचा चुरा उडालेला दिसला पाहिजे, आणि बोललेल्या ओळी पडद्यावर लिहून आल्या पाहिजेत. धंद्यात याला सुपर म्हणतात. रेडिओवर नेमकं उलटं. तिथे कढई दिसत नाही, पण चकली मोडल्याचा आवाज हाच हुक होऊ शकतो, मग क्रमच फिरतो: आधी आवाज, मग ‘तुमची अशी मोडते का?’ आणि दहा आकडी नंबर ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून रेडिओवर गावातल्या दुकानाचा ठिकाणा सांगितलेला बरा.

हा क्रम सगळ्याच मालाला लागू पडत नाही. ज्या सराफाला सारं गाव ओळखतं, त्यानं ‘मजुरीवर सवलत’ हीच पहिली ओळ घ्यावी; त्याला अडचण आणि पुरावा सांगण्यात वेळ घालवायचं कारण नाही, लोकांच्या शंका आधीच फिटलेल्या असतात. नव्या भाजणीला ती सोय नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवाळीला, पाकीट ओळखीचं झालं की, त्या गटालाही पहिल्या सेकंदाला भाव सांगता येईल.